उपकंपनीचं कर्ज आणि आमच्या पत्रातले चार परिच्छेद

बँकेला आमच्या उपकंपनीच्या कर्जासाठी मुख्य कंपनीची गॅरंटी हवी होती, संचालकांना ती द्यायची नव्हती, आणि मधला मार्ग म्हणून लेटर ऑफ कम्फर्ट, म्हणजे मुख्य कंपनीनं बँकेला दिलासा देणारं पत्र, निघालं. ते पत्र तयार करण्यापासून, पुढं हप्ते थकल्यावर त्यावरून बँकेशी झालेल्या वादापर्यंत सगळं माझ्या टेबलावरून गेलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ‘असल्या पत्राला काही अर्थ नसतो, बिनधास्त सही करा’ असं सांगणारे मला सोलापुरात पुष्कळ भेटले. ‘गॅरंटीच आहे ती, फक्त नाव वेगळं’ असं म्हणणारेही भेटले. दोघांचंही ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या कंपनीचे टेरी टॉवेलचे माग आहेत. तिथं मी हिशेब आणि बँकेची कामं पाहते. विणून उतरलेला कच्चा टॉवेल आधी आम्ही प्रोसेसिंगला बाहेर द्यायचो. मग चिंचोली एमआयडीसीत ब्लीचिंग आणि डाईंगसाठी वेगळी कंपनी काढली. तिच्यात आमचे 74 टक्के शेअर आणि उरलेले 26 टक्के डाईंगच्या धंद्यात मुरलेल्या एका भागीदाराचे. 2021 मध्ये या उपकंपनीला सॉफ्ट फ्लो मशीन, बॉयलर आणि सांडपाणी प्रक्रियेसाठी सहा कोटींचं मुदत कर्ज हवं होतं. एका सरकारी बँकेनं मंजुरीचा मसुदा पाठवला. तारण म्हणून इमारत आणि यंत्रं, उपकंपनीच्या दोन्ही संचालकांची वैयक्तिक हमी, आणि अटींच्या तळाशी एक ओळ: मुख्य कंपनीची कॉर्पोरेट गॅरंटी.

आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मसुदा वाचून म्हणाले, “ताई, पोरगं आपलंच आहे. सही करायला हरकत काय?”

मी म्हटलं, “अण्णा, पोराच्या कर्जाला बाप आपोआप बांधलेला नसतो. सही केली की बांधला जातो, आणि मग बँक पोराच्या आधी बापाच्या दारात येऊ शकते.”

ते तसंच आहे. उपकंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती. तिच्यात 74 टक्के शेअर असोत की 100 टक्के, नुसत्या मालकीमुळं तिची देणी आपल्यावर येत नाहीत. ती येतात करारानं, आणि तो करार म्हणजे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 126 मधली हमी: तिसऱ्या माणसानं देणं चुकवलं तर ते मी फेडीन, असा शब्द. कलम 128 सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच असते. म्हणजे मुद्दल, व्याज, दंड, सगळं. आधी कर्जदाराची यंत्रं विका, मग आमच्याकडं या, असंही जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1969 सालीच हे स्पष्ट केलं आहे. आता त्यात दिवाळखोरी संहितेची भर पडली आहे. हमीखालचं देणं तिथं वित्तीय कर्ज धरलं जातं, आणि निदान एक कोटीची थकबाकी असेल तर बँक थेट जामीनदार कंपनीलाच एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, नेऊ शकते.

अण्णांनी ऐकून घेतलं, पण ते माघार घेणारे नव्हते. त्यांना थांबवलं ते आकड्यांनी. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 186 प्रमाणं एखाद्या कंपनीनं इतर कंपन्यांना दिलेली कर्जं, त्यांच्यातली गुंतवणूक आणि त्यांच्यासाठी दिलेल्या हमी यांच्या बेरजेला मर्यादा आहे. भरणा झालेलं भागभांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेचे 60 टक्के, किंवा मुक्त राखीव निधी आणि प्रीमियम यांचे 100 टक्के, यांतला मोठा आकडा ही ती मर्यादा. आमचं भांडवल 3 कोटी, मुक्त राखीव निधी 9 कोटी, प्रीमियम नाही. बारा कोटींचे 60 टक्के म्हणजे 7.2 कोटी, दुसरा आकडा 9 कोटी. म्हणून मर्यादा 9 कोटी. उपकंपनीत आमची गुंतवणूक 2.2 कोटींची होती, शिवाय तिला 1.5 कोटी कर्ज दिलेलं. त्यात सहा कोटींची गॅरंटी मिळवली की 9.7 कोटी होतात. मर्यादा ओलांडली म्हणजे भागधारकांचा विशेष ठराव हवा. उपकंपनी पूर्ण मालकीची असती तर या ठरावातून सूट होती. 74 टक्क्यांना ती नाही.

आमच्या भागधारकांत अण्णांच्या चुलत घराण्याचा मोठा हिस्सा आहे आणि ते विरोधात जाणार हे उघड होतं. त्यांचा मुद्दा चुकीचा म्हणता येणार नाही. नफ्यात भागीदाराचा 26 टक्के वाटा, पण भागीदाराची स्वतःची कंपनी गॅरंटी देत नव्हती, त्यामुळं पूर्ण सहा कोटींचा भार एकट्या आमच्यावर. शिवाय आमच्या स्वतःच्या कॅश क्रेडिटच्या करारात, त्या बँकेच्या परवानगीशिवाय कुणासाठी हमी द्यायची नाही, अशी अट होतीच.

मग शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्यांनीच सुचवलं, “मॅडम, गॅरंटी जमत नसेल तर लेटर ऑफ कम्फर्ट द्या. वरच्या ऑफिसला मी समजावतो. पण व्याज अर्धा टक्का जास्त लागेल.” सहा कोटींवर अर्धा टक्का म्हणजे पहिल्या वर्षी तीन लाख. संचालकांनी मान्य केलं. बँकेनं हे ईमेलवर लिहून पाठवलं आणि मी ते ईमेल छापून फाइलला लावलं. पुढं त्या एका पानाचा फार उपयोग झाला.

पत्राचा पहिला मसुदा बँकेकडून आला. पत्र इंग्रजीत होतं, इथं आशय मराठीत देते. त्यातलं कळीचं वाक्य असं होतं: ‘उपकंपनी कर्जाचे हप्ते वेळेवर भरेल याची आम्ही खात्री करू, आणि तिला पैसे कमी पडल्यास ते आम्ही पुरवू.’ वर ठळक अक्षरांत लेटर ऑफ कम्फर्ट असं लिहिलेलं. आमच्या सल्लागार कंपनी सेक्रेटरी मॅडमनी पेन्सिलीनं त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “मथळा काहीही असू दे, ही जवळजवळ हमीच झाली.”

त्यांचं म्हणणं कलम 126 वाचलं की पटतं. आपल्याकडं हमीला ठरावीक नमुना लागत नाही. ती तोंडीसुद्धा असू शकते, असं ते कलम स्वतःच म्हणतं. म्हणून कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय यानं कुणी सुटत नाही आणि कुणी अडकतही नाही. न्यायालय आतलं वाक्य पाहतं. आम्ही ते वाक्य तसंच ठेवून सही केली असती, तर नाव कम्फर्टचं आणि बोजा हमीचा. त्यातून कलम 186 चा विशेष ठराव नसल्यामुळं वर कंपनी कायद्याचा भंग. हा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. गॅरंटीची प्रक्रिया टाळण्यासाठी लेटर ऑफ कम्फर्ट घेतात आणि त्यात भाषा गॅरंटीचीच घालतात.

मॅडमनी आम्हाला इंग्लंडचा एक खटला समजावून सांगितला. या विषयात वकील मंडळी त्याच्यापासूनच सुरुवात करतात. क्लाइनवर्ट बेन्सन या बँकेनं मलेशिया मायनिंग कॉर्पोरेशनच्या लंडनमधल्या उपकंपनीला कर्जसुविधा दिली होती, पुढं ती एक कोटी पौंडांपर्यंत वाढली. उपकंपनी कथलाचा व्यापार करायची. बँकेनं आधी गॅरंटी मागितली, मुख्य कंपनीनं नकार दिला, आणि बँकेनं कमिशन वाढवून लेटर ऑफ कम्फर्टवर काम चालवलं. पत्रात लिहिलं होतं की ही उपकंपनी तुमची देणी भागवण्याच्या स्थितीत कायम राहील हे पाहणं आमचं धोरण आहे. 1985 च्या ऑक्टोबरात कथलाचा बाजार कोसळला, उपकंपनी बुडाली, मुख्य कंपनीनं हात वर केले. पहिल्या न्यायालयात बँक जिंकली. 1989 मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं असं की, ‘आमचं धोरण आहे’ हे लिहिण्याच्या दिवशीची वस्तुस्थिती सांगणारं वाक्य आहे. ‘हे धोरण आम्ही पुढंही बदलणार नाही’ असं वचन त्यात नाही. त्याच पत्रात, कर्ज फिटेपर्यंत आम्ही उपकंपनीतला आमचा वाटा कमी करणार नाही, असं दुसरं वाक्य होतं आणि ते सरळ वचनाच्या भाषेत होतं. ज्यांना वचन कसं लिहायचं हे ठाऊक होतं, त्यांनी धोरणाचं वाक्य वेगळ्या भाषेत लिहिलं, याचा अर्थ न्यायालयानं लावला. गॅरंटी मागून नाकारली गेली होती, हेही लक्षात घेतलं.

अण्णा खूश झाले. “म्हणजे धोरण लिहायचं आणि मोकळं व्हायचं.”

मॅडम म्हणाल्या, “एवढं सोपं नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयानं उलटा निकाल दिला.” तिथंही बँक होती, मोठी भागधारक कंपनी होती, आणि आमच्या संलग्न कंपनीची देणी भागतील असं पाहण्याची आमची पद्धत आहे, अशा धाटणीचं वाक्य होतं. न्यायाधीशांनी ते बंधनकारक धरलं. दोन व्यापारी महिनोन्महिने घासाघीस करून एक पत्र तयार करतात, त्यावर विसंबून मोठी रक्कम दिली जाते, आणि मग म्हणायचं की त्या वाक्याला काहीच वजन नव्हतं, हे त्यांना पटलं नाही.

आपल्याकडं कर्नाटक उच्च न्यायालयापुढं युनायटेड ब्रुअरीज होल्डिंग्ज आणि राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाच्या वादात हा प्रश्न आला. तिथं न्यायालयानं फरक केला: लेटर ऑफ कम्फर्टमध्ये कर्जदार अटी पाळेल असा दिलासा असतो, पण त्यानं नाही पाळल्या तर आम्ही फेडू, अशी हमी नसते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे निकाल आपल्या न्यायालयांना बांधत नाहीत, पण त्यांतला विचार इथले वकील मांडतात. म्हणून कुठलं वाक्य कुठं पडेल हे आधी ओळखून लिहिणं एवढंच आपल्या हातात असतं.

आमचं अंतिम पत्र चार परिच्छेदांचं झालं. पहिल्यात, उपकंपनी हे कर्ज घेते आहे हे आम्हाला माहीत आहे आणि मान्य आहे, एवढंच. दुसऱ्यात, कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय आम्ही आमचा वाटा 51 टक्क्यांच्या खाली आणणार नाही. तिसऱ्यात, उपकंपनीला आम्ही दिलेलं दीड कोटींचं कर्ज बँकेचं कर्ज फिटल्याशिवाय परत घेणार नाही. चौथ्यात धोरणाचं वाक्य: उपकंपनी आपली देणी भागवू शकेल अशा रीतीनं चालवली जावी, हे आमचं सध्याचं धोरण आहे. आणि तळाशी एक ओळ, की हे पत्र कलम 126 खालची हमी नाही.

मॅडमना सगळ्यात शेवटी ‘या पत्रामुळं कोणतंही कायदेशीर बंधन निर्माण होत नाही’ असं घालता आलं तर हवं होतं. बँकेनं ते मान्य केलं नाही, आणि मला बँकेचं म्हणणं रास्त वाटलं. दुसरा आणि तिसरा परिच्छेद आम्ही पाळणारच होतो. मग ते बंधन नाही असं लिहून घेण्यात काय अर्थ? ज्या वाक्यावर कर्ज मिळतं त्या वाक्यामागं उभं राहायला हवं, आणि ज्याच्यामागं उभं राहायचं नाही ते वाक्य बँकेला स्पष्ट दिसेल असं लिहायला हवं.

चौथ्या परिच्छेदासाठी मी एक आग्रह धरला. धोरण आहे असं लिहायचं तर ते खरोखर असायला हवं. संचालक मंडळाच्या बैठकीत तसा ठराव करून इतिवृत्तात नोंदवला, मगच पत्रावर सही झाली. यामागं कारण होतं. धोरणाचं वाक्य वचन नसलं, तरी ते वस्तुस्थितीचं विधान आहे. सही करताना तसं धोरणच नसेल, उदाहरणार्थ आतून ही उपकंपनी विकायचं ठरलेलं असेल, तर करार कायद्याच्या कलम 17 आणि 18 खाली फसवणुकीचा किंवा चुकीच्या विधानाचा दावा उभा राहतो. तिथं ‘ही हमी नव्हती’ हे उत्तर चालत नाही. आमच्या ऑडिटरांनीही इतिवृत्त आणि पत्र दोन्ही मागून घेतलं, वाक्यं तपासली, आणि आकस्मिक दायित्वात, म्हणजे पुढं अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांत, सहा कोटी दाखवायची गरज नाही असं ठरवलं. दोन वचनांची माहिती टिपणीत दिली.

कर्ज मिळालं, मशीन बसली. 2022 साल आलं आणि कापसाची खंडी, म्हणजे 356 किलो, लाख रुपयांच्या घरात गेली. सूत महागलं, परदेशी खरेदीदारांनी ऑर्डरी लांबवल्या, आणि आमचे माग निम्म्या पाळीवर आले. मागावरून टॉवेल उतरला नाही तर चिंचोलीत रंगवायला काय जाणार?

पत्रानं पहिल्यांदा आम्हाला बांधलं ते या काळात. आमचंच खेळतं भांडवल आटलं होतं. अण्णांनी विचारलं, उपकंपनीला दिलेल्या दीड कोटींतले पन्नास लाख परत घेता येतील का? तिच्या खात्यात तेव्हा तेवढी रक्कम होती. मी तिसरा परिच्छेद समोर ठेवला. घेतले असते तर तो सरळ करारभंग झाला असता. बँकेला पुढं कलम 73 खाली नुकसानभरपाई मागता आली असती, आणि इथं नुकसान दाखवायला अवघड नव्हतं: तुम्ही पन्नास लाख काढले, त्यामुळं आमचे पन्नास लाख बुडाले. अण्णांनी विषय सोडला.

2023 च्या सुरुवातीला उपकंपनीचे हप्ते थकले. महिन्याचा हप्ता व्याजासह बारा-तेरा लाखांचा. थकबाकी साठ दिवसांच्या पुढं गेली, खातं एसएमए-2 मध्ये, म्हणजे बँकेच्या धोक्याच्या यादीतल्या शेवटच्या पायरीवर गेलं, नव्वद दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. शाखेत तोवर अधिकारी बदलले होते. त्यांच्या संगणकावर आमच्या पत्राची नोंद कॉर्पोरेट गॅरंटी अशी झाली होती. मुख्य कंपनीच्या नावानं नोटीस आली: जामीनदार या नात्यानं संपूर्ण बाकी, पाच कोटींच्या आसपास, भरा.

मी शाखेत जाऊन मूळ पत्र दाखवलं. नवे साहेब सज्जन होते, तळाची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि जामीनदार हा शब्द मागं घेतला. पण आठवड्याभरात बँकेच्या वकिलांचं दुसरं पत्र आलं आणि ते जास्त विचार करून लिहिलेलं होतं. त्यात म्हटलं होतं, हमी नसेल, तरी चौथा परिच्छेद हे वचन आहे. कंपनी तुमच्या हातात असताना ती देणी भागवू शकली नाही, म्हणजे वचन मोडलं. आणि आमचं नुकसान म्हणजे न फिटलेलं पूर्ण कर्ज. हा ऑस्ट्रेलियन निकालाचा रस्ता होता. त्याला हलकं लेखणं मूर्खपणाचं ठरलं असतं, कारण आपल्या न्यायालयानं तो विचार मानला असता, तर हमी न देताही हमीएवढीच रक्कम अंगावर आली असती.

आमच्या उत्तरात तीन गोष्टी होत्या. वाक्यात ‘सध्याचं’ धोरण असं लिहिलं आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदांत ‘करणार नाही’ अशी वचनाची भाषा. हा फरक दोन्ही पक्षांनी जाणून केला. बँकेनं स्वतः पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात ‘पैसे आम्ही पुरवू’ हे वाक्य होतं आणि ते चर्चेत काढून टाकलं गेलं; ते दोन्ही मसुदे आणि पत्रव्यवहार जोडले. आणि ते ईमेल: गॅरंटीऐवजी हे पत्र घेतो म्हणून अर्धा टक्का जादा व्याज. जास्त जोखमीचा मोबदला बँकेनं आकारला होता आणि आम्ही तो प्रत्येक महिन्याला भरत होतो. या मुद्द्यावर बँकेकडून उत्तर आलं नाही.

तेवढ्यात इचलकरंजीच्या एका प्रोसेसरनं आमचे सगळे 74 टक्के शेअर घ्यायची तयारी दाखवली. भाव बरा होता. संचालकांतल्या दोघांना वाटलं, आत्ताच बाहेर पडावं. इथं दुसरा परिच्छेद आडवा आला. संमतीशिवाय विकलं असतं तर बँक न्यायालयातून मनाई हुकूम मागू शकली असती. भरपाई मागायची तर मात्र मालकी बदलल्यामुळं नेमकं किती बुडालं हे बँकेला सिद्ध करावं लागलं असतं. हमीत असलं काही सिद्ध करावं लागत नाही. कर्ज थकलं, रक्कम मागितली, झालं. वचन बंधनकारक असलं तरी त्याचा दावा हमीसारखा सरळ नसतो, हा फरक मला त्या बैठकीत संचालकांना दोनदा समजावून सांगावा लागला, कारण ‘बंधनकारक’ म्हटलं की सगळ्यांना पाच कोटीच दिसत होते. आम्ही बँकेला लेखी संमती मागितली. बँकेनं घेणाऱ्याची कागदपत्रं मागवली, त्याची स्वतःची खाती एसएमएत निघाली, आणि संमती नाकारली.

राहता राहिला प्रश्न: बंधन नसताना पैसे घालायचे का? संचालक मंडळानं हो म्हटलं, आणि कारण धंद्याचं होतं. आमचा सगळा टॉवेल तिथंच रंगतो. खातं एनपीए होऊन मशीन जप्त झाली असती तर आमच्याच ऑर्डरी अडकल्या असत्या. पण पैसे कसे घालायचे यात मी अजिबात सैल पडले नाही. मुख्य कंपनीनं बँकेत थेट भरणा केला असता, तर उद्या बँक म्हणाली असती की तुम्ही जबाबदारी मानलीत. म्हणून 60 लाख उपकंपनीला नवं कर्ज म्हणून दिले, बैठकीला हजर असलेल्या सर्व संचालकांच्या संमतीनं ठराव केला, आणि ठरावात लिहिलं की हे साहाय्य त्या पत्राखालचं कोणतंही दायित्व मान्य न करता दिलं आहे. उपकंपनीनं तिच्या खात्यातून हप्ते भरले. उरलेल्या पैशांतून रसायनांची आणि विजेची बिलं गेली. नव्वद दिवसांच्या आत खातं नियमित झालं. बँकेला एक पत्र गेलं, त्यात भरण्याची माहिती आणि तेच वाक्य पुन्हा.

त्यानंतर बँक समोर बसून बोलायला तयार झाली. त्यांना पाच कोटींचा वाद नको होता, आम्हालाही चौथ्या परिच्छेदावर न्यायालयाचं मत ऐकायची हौस नव्हती. ठरलं असं: मुख्य कंपनीनं दोन कोटींची खरी गॅरंटी द्यायची, व्याज आणि खर्च धरून त्याच्या वर एक रुपया नाही, भागीदाराच्या कंपनीनं 70 लाखांची वेगळी गॅरंटी द्यायची, जादा अर्धा टक्का काढायचा, आणि पत्रातला चौथा परिच्छेद रद्द. दुसरा आणि तिसरा तसेच राहिले, तिसऱ्यात नवे 60 लाख जोडले गेले.

कलम 186 चं गणित पुन्हा मांडलं. गुंतवणूक 2.2 कोटी, कर्ज आता 2.1 कोटी, गॅरंटी 2 कोटी, मिळून 6.3 कोटी. मंदीच्या वर्षात राखीव निधी थोडा उतरून 8.6 कोटींवर आला होता, तरी मर्यादेच्या आतच. विशेष ठरावाची गरज नव्हती. संचालक मंडळाचा एकमताचा ठराव पुरला. आमच्या कॅश क्रेडिटच्या बँकेची परवानगी आधी घेतली, हमीची नोंद रजिस्टरमध्ये झाली, आणि त्या वर्षीच्या ताळेबंदात आकस्मिक दायित्व म्हणून दोन कोटी दिसले. चुलत घराण्यातून बैठकीत आलेल्या काकांनी एकच प्रश्न विचारला, दोन कोटींच्या वर बँक येऊ शकते का. मी गॅरंटीच्या करारातलं कमाल रकमेचं कलम त्यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि सही केली.